मुक्त विद्यापीठाची पदवी बायोडेटात कुठे आणि कशी लिहावी

«मी 26 वर्षांची आहे. बारावीनंतर वडिलांच्या आजारपणामुळे कॉलेज सुटले आणि 2020 पासून मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स पाहते. नोकरी सांभाळून 2021 ते 2024 मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केले, 58 टक्के मिळाले. खरेदीच्या नोंदी, बँकेची मिळवणी, जीएसटीचे 2बी जुळवणे हे सगळे मीच करते. रिटर्न मात्र कर सल्लागार भरतात. आता पुण्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हसाठी अर्ज करते आहे. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नाही, आणि दोन मुलाखतींत ‘एक्स्टर्नल का केलंत?’ इथेच गाडी अडली. मावसबहीण म्हणते, अभ्यासकेंद्र ज्या कॉलेजात होते त्याचेच नाव लिही, कोणाला कळत नाही. तसे करू का?»
— एक वाचक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

मावसबहिणीचा सल्ला आपुलकीचा असला तरी तो मानू नका. सचोटीचा प्रश्न तर आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही तो तुमच्यावर उलटण्याची दाट शक्यता आहे, आणि ती कशी ते नीट समजून घ्या. निवड झाल्यावर मध्यम आणि मोठ्या कंपन्या पडताळणीचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात विद्यापीठ, कॉलेज, कायम नोंदणी क्रमांक, उत्तीर्ण वर्ष आणि शिक्षण पूर्णवेळ होते की दूरशिक्षणाने, हे वेगवेगळ्या रकान्यांत विचारलेले असते. पुढे पडताळणी करणारी संस्था तुम्ही लिहिलेल्या ठिकाणीच विचारणा करते. अभ्यासकेंद्र हे वर्ग भरण्याचे आणि परीक्षेचे ठिकाण असते. तुमची नोंद त्या कॉलेजच्या पटावर नसते, ती नाशिकला विद्यापीठात असते.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या लेखा विभागासाठी माणसे निवडत होतो, तेव्हा नेमके हेच घडलेले पाहिले. उमेदवार कामात पक्का होता, गुणपत्रके अस्सल होती, पण त्याने अभ्यासकेंद्राच्या कॉलेजचे नाव लिहून पुढे ‘नियमित’ असे नोंदवले होते. तिथल्या लिपिकाने त्या वर्षाचे रजिस्टर उघडले, नाव सापडले नाही, आणि त्याने प्रामाणिकपणे ‘आमच्याकडे नोंद नाही’ असे कळवले. अहवालात त्या ओळीसमोर लाल खूण आली. मग त्याने मुक्त विद्यापीठाची गुणपत्रके आणून दाखवली, पण तोवर प्रश्न पदवीचा राहिलाच नव्हता; जो माणूस एक रकाना चुकीचा भरतो त्याच्या हाती बँकेचे पासवर्ड द्यायचे का, असा तो झाला होता. ती जागा त्याला मिळाली नाही, आणि मला आजही वाटते की खरे लिहिले असते तर ती त्याला नक्की मिळाली असती.

तेव्हा शिक्षणाची ओळ अशी लिहा: ‘बी.कॉम., यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक (राज्य विद्यापीठ), दूरशिक्षण, 2021–2024.’ विद्यापीठाचे नाव पूर्ण लिहावे, कारण पुण्यातल्या कित्येक कंपन्यांत भरती पाहणारी व्यक्ती बेंगळुरूत किंवा दिल्लीत बसलेली असते आणि आद्याक्षरांवरून तिला काही बोध होत नाही. ‘राज्य विद्यापीठ’ हे दोन शब्द तिच्यासाठीच आहेत. 1989 मध्ये राज्य विधिमंडळाच्या कायद्याने हे विद्यापीठ स्थापन झाले, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर सहसा ठाऊक नसते. ‘दूरशिक्षण’ हा शब्द लपवू नका आणि ठळकही करू नका. टक्केवारी कोणी मागितली नसेल तर बायोडेटात देण्याची गरज नाही, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना असेल तर 58 च लिहा. नोकरीच्या संकेतस्थळांवर शिक्षणाच्या माहितीत पूर्णवेळ, अर्धवेळ आणि पत्राचारी किंवा दूरशिक्षण असे पर्याय असतात. घाईघाईत पहिला पर्याय निवडला जातो, आणि मग तुमचा बायोडेटा एक सांगतो, फॉर्म दुसरे. ती निवड आजच तपासून पाहा.

(ज्यांची पदवी नियमित आहे पण कॉलेज तालुक्याच्या गावचे असल्यामुळे कोणाच्या ऐकिवात नाही, त्यांनी आधी विद्यापीठाचे नाव लिहावे आणि त्यानंतर कॉलेजचे. संलग्न कॉलेजातून शिकलेल्यालाही पदवी विद्यापीठच देते, त्यामुळे ‘बी.कॉम., शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर’ असे आधी लिहिण्यात काहीच गैर नाही.)

आता ‘एक्स्टर्नल का केलंत?’ या प्रश्नाकडे वळू. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन वेगळ्या शंका असतात, आणि आपण त्यांची सरमिसळ करून उत्तर देतो म्हणून गाडी अडते. पहिली शंका कायद्याची: ही पदवी चालते का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मुक्त व दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणक्रमांविषयीच्या 2020 च्या विनियमांत 22 वे कलम आहे. मान्यताप्राप्त संस्थेने दूरशिक्षणाने दिलेली पदवी ही पारंपरिक पद्धतीच्या त्याच पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे ते सांगते, आणि सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने जाहीर निवेदन काढून ते पुन्हा स्पष्ट केले. यातली अट मात्र महत्त्वाची आहे. मान्यता संस्थेला, त्या शिक्षणक्रमाला आणि तुम्ही प्रवेश घेतला त्या सत्राला असावी लागते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या deb.ugc.ac.in या संकेतस्थळावर सत्रवार याद्या आहेत. तिथून 2021 च्या प्रवेशसत्राचे तुमच्या बी.कॉम.ची नोंद असलेले पान छापून घ्या आणि गुणपत्रकांच्या फाइलमध्ये मागे लावून ठेवा. ते मुलाखतीत आपणहून पुढे करू नये. मनुष्यबळ विभागातून विचारणा झाली तरच द्यावे.

या कलमाची मर्यादाही लक्षात ठेवा. समकक्षता मिळाली म्हणून खासगी कंपनीवर तुम्हाला घेण्याचे बंधन येत नाही. काही मोठ्या कंपन्या, विशेषतः नवख्या उमेदवारांची घाऊक भरती करताना, ‘फक्त पूर्णवेळ पदवी, सर्वत्र किमान 60 टक्के’ अशी अट घालतात आणि ती अट माणसाच्या नजरेआधी संगणकच लावतो. जाहिरातीत तसे लिहिलेले असेल तर तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. तुम्हाला न आलेल्या उत्तरांपैकी किती अशा जाहिरातींची होती, हे मागचे अर्ज उघडून मोजा. माझा अंदाज आहे की निम्मा खुलासा तिथेच होईल, कारण तुम्ही काही वर्षांच्या अनुभवाच्या उमेदवार असूनही नवख्यांच्या दारात उभ्या राहत असाव्यात.

दुसरी शंका कामाची असते, आणि माझ्या अनुभवात तीच खरी असते: वर्गात न बसलेल्या या मुलीला जमाखर्च खरोखर येतो का? हिचे उत्तर पदवीच्या बचावाने मिळत नाही. ते तुमच्या कामातून द्यावे लागते, म्हणून बायोडेटाचा क्रम बदला. नाव आणि संपर्कानंतर थेट 2020 पासूनची नोकरी यावी, तिच्याखाली टॅली आणि एक्सेलमध्ये नेमके काय करता ते, आणि शिक्षण अगदी शेवटी. नोकरी आणि पदवी यांच्या तारखा एकमेकींवर येतात याची धास्ती बाळगू नका. दूरशिक्षण हा शब्द स्वच्छ लिहिलेला असला की तो प्रश्न आपोआप सुटतो. ‘नियमित’ लिहिणाऱ्याला मात्र त्याच तारखा अडचणीत आणतात.

आता नोकरीखाली काय लिहायचे ते सविस्तर सांगतो, कारण खरी मेहनत इथे आहे. बहुतेक जण लिहितात, ‘जीएसटीचे काम पाहिले’. हे वाक्य मी शेकडो बायोडेटांत वाचले आहे आणि त्यातून मला कधीही काही कळलेले नाही. तुम्ही 2बी जुळवता, एवढा एकच धागा घेऊ. पुरवठादाराने त्याच्या विवरणात तुमच्या शॉपचे बिल दाखवले तरच ते पोर्टलवरच्या शॉपच्या 2बी या यादीत उमटते, आणि जानेवारी 2022 पासून तिथे न उमटलेल्या बिलावरच्या कराची आपल्या देय करातून वजावट घेता येत नाही. 2बी महिन्याच्या 14 तारखेला तयार होते आणि मासिक विवरण भरणाऱ्यांना 3बी हे विवरण 20 तारखेपर्यंत भरायचे असते. म्हणजे मधल्या सहा दिवसांत कोणीतरी बसून खरेदी नोंदवही आणि 2बी ओळीला ओळ लावून पाहायची, आणि तुमच्या शॉपमध्ये ती ‘कोणीतरी’ तुम्ही आहात. कंपनीचे पैसे ज्यावर अवलंबून आहेत असे हे काम आहे, आणि ते मोजता येते.

मोजण्यासाठी मागच्या वर्षाचा एक महिना आणि यंदाचा एक महिना घ्या. टॅलीतून खरेदी नोंदवही एक्सेलमध्ये काढा, दुसऱ्या पानाला ‘2B’ असे नाव देऊन त्यावर 2बी ठेवा. दोन्हीकडे पहिल्या स्तंभात पुरवठादाराचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आणि दुसऱ्या स्तंभात बिल क्रमांक असू द्या, आणि खरेदीच्या पानावर हे सूत्र लावा:

```
=COUNTIFS('2B'!A:A,A2,'2B'!B:B,B2)
```

उत्तर 0 आले ते बिल 2बी मध्ये सापडले नाही. दोन्ही क्रमांक एकत्र तपासायचे, कारण ‘45’ या क्रमांकाचे बिल तीन पुरवठादारांचे असू शकते. मग शून्य आलेल्या प्रत्येक ओळीसमोर कारण लिहा. समजा, 140 बिलांपैकी 23 बिले सापडली नाहीत आणि त्यांवरचा कर 92,000 रुपये आहे. त्यांतली 9 बिले तुमच्याकडच्याच नोंदीतल्या चुकीची निघाली, म्हणजे पुरवठादाराने ‘एसबी/0045’ लिहिले आणि टॅलीत नुसते ‘45’ गेले. 8 बिले तिमाही विवरण भरणाऱ्या छोट्या पुरवठादारांची, ज्यांनी त्या महिन्याची बिले 13 तारखेच्या आत पोर्टलवर चढवलीच नाहीत. 4 जणांनी विवरण उशिरा भरले, आणि 2 बिले कोणा दुसऱ्याच्याच जीएसटी क्रमांकावर गेली. यंदाच्या महिन्यात हीच मोजणी केल्यावर 6 बिले आणि 14,000 रुपये निघाले, कारण तुम्ही बिल क्रमांक जसाच्या तसा नोंदवण्याची शिस्त लावली आणि छोट्या पुरवठादारांना दर महिन्याच्या 10 तारखेला फोन करायला सुरुवात केली.

मग बायोडेटातली ओळ अशी होते: ‘दरमहा सुमारे 140 खरेदी बिलांची 2बी शी जुळवणी, न जुळणारी बिले वर्षभरात 23 वरून 6 वर, अडकलेला कर सुमारे 92,000 वरून 14,000 रुपयांवर, विवरण कर सल्लागारांमार्फत.’ ही माझी कल्पित आकडेवारी आहे. तुमचे आकडे तुम्हीच मोजा. ते लहान निघाले तरी तेच लिहा, आणि सुधारणा झालीच नसेल तर फक्त बिलांची संख्या आणि कामाचे टप्पे लिहा. फुगवलेला आकडा लेखापालांच्या मुलाखतीत दोन प्रश्नांतच उघडा पडतो. शेवटचे तीन शब्दही वगळू नका. विवरण तुम्ही भरत नाही हे लिहिल्याने कमीपणा येत नाही, उलट बाकीचे काम तुमचे आहे यावर विश्वास बसतो. ‘जीएसटी रिटर्न भरले’ असे लिहिलेत आणि समोरच्याने 3बी मधल्या एखाद्या तक्त्याविषयी विचारले, तर तुमचे खरे कामही संशयात सापडेल.

असेच एक कलम बँकेच्या मिळवणीचे करा: किती खाती, महिन्याला साधारण किती व्यवहार, आणि मिळवणी पुढच्या महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होते. दोन किंवा तीन कलमे पुरेत. दहा लिहिलीत तर त्यांतले एकही वाचले जात नाही.

हे आकडे तुमच्या मालकांच्या धंद्याचे आहेत, हेही भान असू द्या. एकूण उलाढाल, ग्राहकांची नावे किंवा पुरवठादारांचे दर बायोडेटात येऊ नयेत, आणि शॉपची फाइल मुलाखतीला घेऊन जाऊ नये. दाखवायला काही हवे असेल तर घरी बसून 20 काल्पनिक बिलांचा तक्ता तयार करा, त्यात चारही प्रकारच्या चुका मुद्दाम ठेवा आणि त्या कशा पकडल्या ते त्यातच दाखवा. एवढे एक पान छापून फाइलमध्ये ठेवा.

मुलाखतीत तो प्रश्न पुन्हा येईलच, तेव्हा उत्तर छोटे असू द्या आणि ते कामापाशी संपवा. तुमच्या शब्दांत ते साधारण असे होईल: ‘बारावीनंतर घरी कमावण्याची गरज होती, म्हणून 2020 मध्ये नोकरी धरली आणि पुढच्या वर्षी मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला. तीन वर्षांत पदवी पूर्ण केली आणि त्या काळात एकाही महिन्याची जुळवणी चुकवली नाही. ती मी कशी करते ते दाखवू का?’ दुसरे वाक्य खरे असेल तरच बोला. एखादा महिना परीक्षेमुळे मागे पडला असेल तर तसे सांगा आणि तो कसा भरून काढला तेही सांगा. वडिलांच्या आजारपणाचा तपशील देण्याची गरज नाही. ‘रेग्युलर करायचे होते हो, पण…’ अशी सुरुवात तर कटाक्षाने टाळा, कारण त्या ‘पण’ने समोरच्याला तुमची पदवी दुय्यम असल्याचे तुम्हीच सांगितलेले असते. शेवटच्या प्रश्नानंतर पुष्कळ मुलाखतकार खरोखरच कागद पुढे ओढतात, आणि तिथून पुढची पंधरा मिनिटे तुमच्या हातात असतात. चांगल्या ठिकाणी तर बँकेचे विवरण आणि खातेवही देऊन अर्ध्या तासात मिळवणी करायला सांगतात. तशी चाचणी नसेल तर ‘एखादे छोटे काम देऊन पाहा’ असे आपणहून म्हणायला संकोचू नका.

एका गोष्टीची मला तुमच्या पत्रावरून काळजी वाटली, आणि तुम्ही ती विचारलेली नाही. तुमचा सगळा भर अनुभवावर टाकायचा तर तो अनुभव पडताळणीत उभा राहायला हवा. लहान कारखान्यांत पगार रोख दिला जातो, नेमणूकपत्र नसते, आणि मग चार-पाच वर्षांचे खरे काम कागदावर शून्य ठरते. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर पासबुकावर नोकरी लागल्याची तारीख बरोबर आहे ना ते आताच पाहा. तिथली तारीख आणि बायोडेटातली तारीख वेगळी असणे ही पडताळणीत नेहमी आढळणारी विसंगती आहे. निधी नसेल तर पगार खात्यात जमा झाल्याची बँकेची विवरणे काढून ठेवा, आणि पगार रोख असेल तर निदान यापुढे तो खात्यात देण्याची मालकांना विनंती करा. मालकांकडून लेटरहेडवर अनुभवपत्र मागताना ‘अकाउंट्सचे काम पाहते’ इतकेच न लिहिता 2बी ची जुळवणी आणि बँकेची मिळवणी ही दोन्ही कामे नावानिशी लिहून घ्या. तुमच्या कर सल्लागारांना संदर्भ म्हणून नाव देण्याविषयी विचारा. दर महिन्याला तुमचा तक्ता त्यांच्याच हातात जातो, त्यामुळे तुमच्या कामाविषयी त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही, आणि लेखा विभागाच्या प्रमुखाला कर सल्लागाराचा शब्द कळतो.

अर्ज करताना आधी चाकण, भोसरी, रांजणगाव अशा पट्ट्यातल्या उत्पादन कंपन्या धरा. तुम्हाला मशीन शॉपची खरेदी, जॉबवर्कला बाहेर जाणारा माल आणि रिजेक्शनच्या डेबिट नोट ठाऊक आहेत, आणि तिथल्या लेखा प्रमुखाला नेमके हेच शिकवत बसावे लागते. जाहिरातीत ‘जीएसटी रिकन्सिलिएशन’ हा शब्द असेल तर तुमच्या पहिल्या कलमात तोच शब्द येऊ द्या, कारण संगणकावर शोध त्याच शब्दाने होतो.

येत्या 14 तारखेला नवी 2बी आली की त्याच दिवशी न जुळलेल्या बिलांची संख्या आणि अडकलेला कर एका वहीत लिहून ठेवा, आणि मग जुळवणीला बसा. मागच्या वर्षाचा महिना त्याच पद्धतीने काढायला तुम्हाला एक रविवार लागेल.